आधी सांगू, तेवढेच घेऊ : नाशिकच्या एका टॅक्सी सेवेच्या घोषवाक्याचे प्रकरण

इंदिरानगरमध्ये कार्यालय आणि अंबडच्या बाजूला गाड्या उभ्या करण्याची जागा, एवढ्या पसाऱ्यावर सात गाड्या चालवणाऱ्या एका मालकांनी माझ्याकडे बाहेरगावच्या टॅक्सी सेवेसाठी घोषवाक्य मागितले, तेव्हा त्यात काय यायला हवे हे त्यांनी आधीच ठरवलेले होते: गाडी स्वच्छ असते, ड्रायव्हर नीट बोलतो आणि शेवटी अचानक पैसे वाढत नाहीत. तिन्ही गोष्टी एका ओळीत बसवून द्याव्यात, ओळ गाडीच्या मागच्या काचेवर मावावी आणि फोनवर बोलतानाही वापरता यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. काम दोन दिवसांचे वाटले. प्रत्यक्षात महिना गेला, आणि त्यातला बराचसा वेळ शब्द शोधण्यात नव्हे, तर त्यांचे भाडेपत्रक दुरुस्त करण्यात गेला.

मी सवयीप्रमाणे प्रथम तक्रारी मागितल्या. घोषवाक्य कशाबद्दल असावे हे मालकापेक्षा रागावलेले गिऱ्हाईक अधिक अचूक सांगते, असा माझा अनुभव आहे. मालकांनी थोडे आढेवेढे घेऊन एका फेरीचे बिल पुढे केले. नाशिकचे एक कुटुंब लग्नासाठी पुण्याला गेले होते. शनिवारी दुपारी तीन वाजता गाडी दारात लागली, रविवारी रात्री परतताना उशीर झाला आणि सगळे घरी उतरले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. फोनवर त्यांना सांगण्यात आले होते की बारा रुपये किलोमीटर, दिवसाला अडीचशे किलोमीटरचे मिनिमम, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला तीनशे, टोल आणि पार्किंग वेगळे. त्यांनी सरळ हिशेब केला: दोन दिवसांचे पाचशे किलोमीटर, म्हणजे सहा हजार रुपये, आणि सहाशे भत्ता. टोल सोडून ६,६०० रुपये. हातात बिल आले ते टोल आणि पार्किंग सोडून १०,१०० रुपयांचे.

साडेतीन हजारांचा हा फरक कुठून आला, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. बाहेरगावच्या भाड्यात ‘दिवस’ हा बहुतेक ठिकाणी चोवीस तासांचा नसतो, तो तारखेचा असतो, म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. शनिवार, रविवार आणि बारा वाजून वीस मिनिटांमुळे सोमवार, असे तीन दिवस धरले गेले. अडीचशेच्या मिनिममने साडेसातशे किलोमीटर झाले आणि त्याचे नऊ हजार रुपये. तीन दिवसांचा भत्ता नऊशे आणि रात्री दहानंतर गाडी चालवल्याचे दोनशे. गाडी प्रत्यक्षात धावली होती ४५८ किलोमीटर, आणि त्यातही अंबडहून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचे जाणे-येणे धरलेले होते, कारण मीटर गाडी जिथे उभी असते तिथून सुरू होतो. धंद्यात याला ‘गॅरेज टू गॅरेज’ म्हणतात आणि गाडीत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असते.

बिलातील एकही आकडा खोटा नव्हता. दिवस कसा मोजला जातो हे त्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलेही होते. तरीही मध्यरात्री इमारतीच्या फाटकापाशी वाद झाला, ड्रायव्हरने मालकांना झोपेतून उठवले आणि टोल धरून आठ हजारांवर तडजोड झाली. गिऱ्हाइकाला आपण लुबाडले गेलो असे वाटले, मालकांना आपले दोन हजारांहून जास्त बुडाले असे वाटले, आणि गाडी सोमवारी सकाळी तशीही रिकामीच उभी होती. ज्या वीस मिनिटांसाठी एका दिवसाचे भाडे लावले, त्या वीस मिनिटांत मालकांचे काहीही नुकसान झाले नव्हते.

या बिलाने माझी एक समजूत मोडली. अचानक लागणारे पैसे म्हणजे लपवलेले पैसे, असे मी धरून चाललो होतो. येथे काहीच लपवलेले नव्हते. ‘दिवस’ हा एकच शब्द दोघांनी दोन अर्थांनी ऐकला होता आणि त्या दोन अर्थांमधली दरी तीन हजार तीनशे रुपयांची होती. तेव्हा ‘छुपे दर नाहीत’ असे काचेवर लिहिले असते, तर ते खरे असूनही तो वाद जसाच्या तसा झाला असता.

आता मसुद्यांकडे येतो. मालकांचा स्वतःचा मसुदा होता, ‘स्वच्छ गाडी, नम्र चालक, छुपे शुल्क नाही’. तो वाईट नाही, पण तो कोणाचाही असू शकतो. मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीवर चिकटवला तरी चालेल. शिवाय ‘शुल्क’ हा शब्द शाळेच्या पावतीवरचा आहे. भाडे विचारणारा माणूस शुल्क विचारत नाही, तो विचारतो, “सगळे मिळून किती होतील?” मालकांच्या पुतण्याने आठवडाभर आलेल्या फोनवरील पहिले दोन प्रश्न माझ्यासाठी लिहून ठेवले होते. गाडी कोणती आणि सगळे मिळून किती, याखेरीज फारसे काही त्यात नव्हते. गाडी स्वच्छ आहे का, असे कोणी विचारले नव्हते. ती असणारच, असे लोक धरून चालतात, आणि नसली तर पुन्हा फोन करत नाहीत.

‘नम्र’ या शब्दावर ड्रायव्हरांचा आक्षेप होता आणि तो मला पूर्ण पटला. त्यांच्यातला सर्वांत जुना, वीस वर्षे कसारा घाट उतरलेला माणूस म्हणाला, “साहेब, मी उद्धट नाही, पण ते नम्र लिहिलं की गिऱ्हाईक मागून बोटं मोडायला मोकळं होतं.” काचेवर मालकाने ड्रायव्हरच्या वतीने दिलेले हे वचन ड्रायव्हरच्या मानेवर बसते. त्यातून, ‘नम्र’ म्हणजे नेमके काय, हे मोजता येत नाही. लोकांच्या तक्रारी पाहिल्या तर त्या नम्रतेच्या नसतातच. फोन स्पीकरवर टाकून बोलणे, चढाला एसी बंद करणे, आपल्याला फुकट जेवण मिळते त्याच ढाब्यावर गाडी थांबवणे, आणि उतरताना डिकी उघडून उभे राहून ‘चहापाण्याचे बघा’ म्हणणे, या त्या तक्रारी.

यातील शेवटची तक्रार मी जरा खोदून पाहिली. बिलात तीनशे रुपये भत्ता लागतो, मग ड्रायव्हर पुन्हा पैसे का मागतो? उत्तर साधे निघाले. बिलातले तीनशे मालकांकडे जात, त्यातले दोनशे ड्रायव्हरला आठवड्याच्या हिशेबात मिळत आणि उरलेले शंभर गाडीच्या खर्चात जिरत. बाहेरगावी रात्री झोपायला जागा नाही, दोन वेळचे जेवण पदरचे, म्हणून तो गिऱ्हाइकाकडे हात पसरे. म्हणजे ज्याला आपण वागणुकीचा प्रश्न समजत होतो, तोही हिशेबाचाच प्रश्न होता. भत्ता पूर्ण आणि फेरी संपल्याच्या रात्रीच हातात पडला, तर डिकीपाशी उभे राहण्याचे कारण उरत नाही. तीन वचनांपैकी दोन येथे एकमेकांना चिकटली आणि घोषवाक्य पैशांबद्दलच असावे, हे माझ्यापुरते तेव्हाच ठरले.

स्वच्छतेचे मात्र वेगळे होते. वणीच्या गडाचा घाट उतरताना एखादे मूल ओकते, देवदर्शनाहून परतताना फोडलेल्या नारळाचे पाणी सीटवर सांडते, आणि तीच गाडी लगेच नाशिकरोड स्टेशनवर दुसऱ्या कुटुंबासाठी उभी करायची असते. गाडी आतून धुऊन, पायपोस वाळवून, वास घालवायला पाऊण तास तरी लागतो. मालक दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास ठेवत होते. तेव्हा हा प्रश्न बुकिंगच्या वहीतल्या वेळेचा होता आणि तो तिथेच, दोन फेऱ्यांत दीड तास सोडून, सुटला. त्यासाठी घोषवाक्यातली जागा खर्च करण्याची गरज नव्हती. धुतलेली गाडी दार उघडताच स्वतः बोलते.

मालकांना हे सहज मान्य झाले नाही. तीन गोष्टींचे पैसे देऊन एकच गोष्ट मिळते आहे, असे त्यांना वाटत होते. म्हणून मी एक ओळ अशी दिली, जिच्यात एका शब्दात दोन वचने बसत होती: ‘गाडी स्वच्छ, हिशेब स्वच्छ’. ती सर्वांना आवडली. मलाही. ऐकायला गोड, लक्षात राहायला सोपी, आणि ‘स्वच्छ’ हा शब्द दोन्हीकडे मराठीत अगदी सहज लागतो. (‘साफ’ घेतला असता तर ‘साफ बोलणारा ड्रायव्हर’ म्हणजे तोंडावर फटकळ बोलणारा झाला असता. पर्याय म्हणून तो पहिल्याच दिवशी बाद झाला.) पण मग मी लग्नाचे ते बिल पुन्हा काढले आणि ओळ त्याच्यावर ठेवून पाहिली. १०,१०० रुपयांचा तो हिशेबही स्वच्छच होता! बेरीज बरोबर, नियम छापलेला, पावत्या जोडलेल्या. घोषवाक्य खरे ठरत होते आणि गिऱ्हाईक तरीही फसल्यासारखे घरात जात होते. जी ओळ आपल्या सर्वांत वाईट दिवशीही खरी ठरते, ती त्या दिवसाला आळा घालू शकत नाही.

पुढची ओळ होती, ‘ठरले तेवढेच’. दोन शब्द, रोखठोक, कोणाही मराठी माणसाच्या तोंडातले. तिचा दोष मला ड्रायव्हरकडून वादाचे वर्णन ऐकताना कळला. त्या रात्री गिऱ्हाईक म्हणत होते, “हे ठरलं नव्हतं,” आणि मालक फोनवर म्हणत होते, “हेच ठरलं होतं.” भांडण ‘ठरले’ या शब्दावरच झाले होते. ‘ठरले’ म्हटले की कोणी ठरवले आणि कोणी सांगितले, हे झाकले जाते. वाक्याला कर्ताच नाही. जबाबदारी घेणारे वाक्य हवे असेल, तर त्यात ‘आम्ही’ क्रियापदातून तरी दिसला पाहिजे.

‘एक रुपयाही जास्त नाही’ ही ओळ मालकांच्या मुलाने सुचवली आणि मी ती नाकारली, कारण ती खोटी ठरणारच. गिऱ्हाईक शिर्डीला पोहोचल्यावर शनिशिंगणापूरला जायचे म्हणते, तेव्हा जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर वाढतात, आणि ते पैसे घ्यावेच लागतात. सापुतारा पाहायला निघाले की राज्याची सीमा ओलांडावी लागते आणि ती फेरी वेगळ्या परवान्याच्या हिशेबाने धरावी लागते. काचेवर जे लिहिले ते जाहिरात असते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्वतंत्र व्याख्या आहे. नोव्हेंबर २०२३ मधील केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर आधी कमी किंमत दाखवून पुढे टप्प्याटप्प्याने ती वाढवत नेणे, हा ग्राहकाला फसवण्याचा एक प्रकार म्हणून नोंदवला आहे. सात गाड्यांच्या मालकाने कायद्याला घाबरावे असे मला म्हणायचे नाही. पण जे पाळता येणार नाही ते रंगवून घेऊ नये, एवढे खरे.

पैसे वाढू नयेत ही गिऱ्हाइकाची मागणी नव्हतीच, हे शिंगणापूरच्या उदाहरणावरून माझ्या ध्यानात आले. वाढलेले किलोमीटर त्यालाही दिसतात. त्याला खुपते ते उतरल्यावर कळणे. तेव्हा वचन रकमेचे नको, क्रमाचे हवे: सांगणे अगोदर, घेणे नंतर, आणि घेणे सांगण्याइतकेच. हे मी मालकांना तोंडी समजावत होतो आणि समजावताना जे वाक्य निघाले, तेच पुतण्याने वहीत लिहून घेतले.

आधी सांगू, तेवढेच घेऊ.

या ओळीत ‘सांगू’ आणि ‘घेऊ’ ही दोन्ही क्रियापदे आमच्या बाजूची आहेत, त्यामुळे समजले नाही तर दोष सांगणाऱ्याकडे जातो. फेरी वाढली तरी ती खोटी ठरत नाही, मात्र वाढण्याआधी सांगण्याचे बंधन घालते. आणि मालकांना हवी असलेली ड्रायव्हरची वागणूकही तिच्यात आडमार्गाने आली, कारण जो आधी सांगतो त्याला शेवटी आवाज चढवावा लागत नाही. ‘आधी सांगू, तेवढेच पैसे घेऊ’ असा लांब पर्यायही लिहून पाहिला होता. ‘पैसे’ शब्द येताच ओळ पावतीसारखी वाटू लागली, म्हणून काढला. कशाबद्दल बोलणे चालू आहे, ते टॅक्सीच्या काचेवर वेगळे सांगावे लागत नाही.

ओळ मिळाली, पण ती रंगवण्याआधी खरी करायची होती. येथे मालकांनी जे केले त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे, कारण त्यात त्यांचे पैसे जात होते. दिवस चोवीस तासांचा केला, गिऱ्हाईक गाडीत बसल्यापासून, आणि वर दोन तासांची सवलत. किलोमीटर दारापासून दारापर्यंत. रात्रीचे वेगळे दोनशे बंद. भत्ता पूर्ण, त्याच रात्री, ड्रायव्हरच्या हातात. पुणे, मुंबई, शिर्डी, त्र्यंबकेश्वर आणि वणी या पाच नेहमीच्या फेऱ्यांसाठी टोल, भत्ता आणि साधी पार्किंग धरून एकच रक्कम. लग्नाची तीच फेरी नव्या पद्धतीने मांडली तर तेहतीस तास वीस मिनिटे म्हणजे दोन दिवस, पाचशे किलोमीटरचे सहा हजार, भत्ता सहाशे, टोल आणि पार्किंगसाठी धरलेले नऊशे, एकूण ७,५०० रुपये. जुन्या बिलापेक्षा बरेच कमी, पण त्या रात्री टोल धरून जी तडजोड पदरात पडली होती, तिच्या फार खाली नाही. आणि तेवढ्यासाठी मध्यरात्री उठावेही लागत नाही.

टोल रकमेत धरण्यामागे एक जास्तीचे कारण होते. फास्टॅग आल्यापासून पैसे मालकाच्या खात्यातून कापले जातात, संदेशही मालकाच्याच मोबाइलवर येतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात पावती पडत नाही. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परतले, तर जाणे-येणे मिळून एकेरी टोलच्या दीडपटच लागतो. तरीही बिलात दुप्पट लावणारे भेटतात. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कळण्याचा मार्गच नसतो. ‘टोल प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ हे वाक्य म्हणूनच दिसते तेवढे निरागस नाही, आणि ते भाडेपत्रकातून गेले याचे मला विशेष समाधान आहे.

सांगण्याची जागाही ठरवावी लागली. तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी दोघांच्या डोक्यात दोन तऱ्हांनी राहते, म्हणून बुकिंग होताच व्हॉट्सअॅपवर एक संदेश जातो. तो मुद्दाम बोलल्यासारखा लिहिला आहे: “नाशिक ते पुणे आणि परत, डिझायर, शनिवारी दुपारी ३ पासून सोमवारी दुपारी ३ पर्यंत, ५०० किलोमीटरपर्यंत. सगळे मिळून ७,५०० रुपये. यात टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता आला. ड्रायव्हरला वेगळे काही देऊ नये. ५०० च्या वर गेल्यास किलोमीटरला १२ रुपये, पण तसे होणार असेल तर आधी सांगू.” तारखा आणि तास दोन्ही लिहिल्यामुळे ‘दिवस’ हा शब्दच संदेशातून गेला. ज्या शब्दाने घोटाळा केला, त्याची व्याख्या करत बसण्यापेक्षा तो न वापरणे सोपे.

वाटेत बेत बदलला तर काय करायचे, हे ड्रायव्हरांना एका वाक्यात शिकवले: गाडी वळवण्याआधी फोन. शिर्डीच्या वाहनतळावर गिऱ्हाईक शिंगणापूरचे नाव काढते, ड्रायव्हर कार्यालयाला कळवतो, दोन मिनिटांत वाढीव रकमेचा संदेश गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येतो, ते ‘हो’ लिहिते आणि मगच चावी फिरते. पहिल्या काही दिवसांत ड्रायव्हर हे विसरत होते. तेव्हा मालकांनी नियम केला की ‘हो’ आले नसेल तर वाढीव पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, आपण सोसायचे. ड्रायव्हरला दंड लावला नाही, हे मला योग्य वाटले. दंड लागला असता तर तो त्याने डिकीपाशी वसूल केला असता.

ओळ नाशिककरांसाठी चालली, स्टेशनवर अडखळली. नाशिकरोडला उतरून शिर्डी-त्र्यंबकला जाणाऱ्यांमध्ये हिंदी बोलणारे पुष्कळ असतात. त्यांना देवनागरी वाचता येते, पण ‘सांगू’ आणि ‘तेवढेच’ येथे ते थबकतात. तिथे धरण्याच्या फलकासाठी ‘पहले बताएँगे, उतना ही लेंगे’ अशी वेगळी ओळ केली. मराठीतला नेटकेपणा तिच्यात उतरला नाही हे कबूल, पण अर्थ पोहोचतो. गाडीच्या काचेवर मात्र मराठीच ठेवली, कारण गाडी दिवसभर ज्यांच्या पुढून जाते ते लोक येथले आहेत. मागून दुचाकीवर येणाऱ्याला सिग्नलवर वाचता यावी म्हणून सेवेच्या नावापेक्षा ओळीची अक्षरे मोठी केली. मालकांनी याला दोन दिवस विरोध केला.

एक गोष्ट अजून सुटलेली नव्हती. कसारा घाटात ट्रक बंद पडून तीन-चार तास गाड्या अडकतात, मग ठरलेले तास उलटतात. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही आणि मालकांचाही नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून पुढे आमण्यापर्यंत खुला झाल्याने मुंबईच्या वाटेवर घाटाला पर्याय आला, पण तिकडचा टोल वेगळा आणि तो रकमेत धरलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थात तर शहरातले रस्ते कुठे आणि किती वेळ बंद असतील, हे कोणीच आधी सांगू शकणार नाही. त्या काळासाठी स्वतंत्र भाडेपत्रक काढायचे आणि पाच फेऱ्यांची एकच रक्कम तेवढ्यापुरती थांबवायची, असे ठरले. वाहतूक कोंडीच्या तासांचे पैसे कोणी सोसायचे, यावर मालक बराच वेळ हिशेब करत बसले, आणि अखेर वही मिटून म्हणाले, “कोंडी होणार हे आपण आधी सांगितलं नव्हतं. मग घेणार कसे?”